गाडी उभ्या उभ्याच टायर का खराब होतात : ऊन, ओझोन, ऑइल, साचलेलं पाणी आणि पार्किंगच्या सवयी

टायर चालवून झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच निघते त्यांचे टायर बहुतेक वेळा नक्षी भरपूर शिल्लक असतानाच बाद होतात, साइडवॉलला भेगा पडतात, रबर कडक होतं, आणि टायरवाला म्हणतो की बदला. पहिलीच गाडी घेतलेल्याला वाटतं की टायरवाला फसवतोय, कारण नक्षी तर नवी दिसतेय. मी नागपुरात राहतो, आमच्या सोसायटीत निम्म्या गाड्या उघड्यावर आणि निम्म्या बिल्डिंगखाली स्टिल्टमध्ये लागतात, आणि पार्किंगचं काम बघता बघता हे सगळं नीट समजून घ्यावं लागलं. खाली जे लिहितोय ते गाडीच्या टायरबद्दल आहे, पण स्कूटर-बाइकलाही बरंचसं लागू होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऊन, ओझोन, ऑइल आणि पाणी हे चारही टायर खराब करतात पण चौघांची पद्धत वेगळी, खूण वेगळी आणि उपायही वेगळा. सगळ्यावर एकच उपाय म्हणून लोक कव्हर घालतात किंवा चकचकीत पॉलिश मारतात, आणि त्यातलं पॉलिश तर बऱ्याचदा उलटंच पडतं.

काय काय जवळ लागेल

- हवेचं प्रेशर मोजायचा स्वतःचा गेज, साधा चालेल
- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या प्रेशरच्या स्टिकरचा फोटो (तिथे नसेल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये बघा)
- टॉर्च, खडू, मऊ ब्रश, भांडी घासायचं लिक्विड
- लाकडाचा भुसा किंवा कोरडी बारीक माती
- टायरचं बिल आणि वॉरंटी कार्ड. टायर नंतर बदलले असतील तर तेही बिल, गाडीच्या फाइलला लावून ठेवा

१. आधी टायरचं वय वाचा

टायरच्या साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे १५१९ असेल तर टायर २०१९ च्या १५ व्या आठवड्यात, एप्रिलमध्ये बनलाय. कधी कधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात, मग टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून बघावं लागतं. चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे लिहून ठेवा, कारण सेकंडहँड गाडीत पाचही वेगवेगळे निघू शकतात.

बऱ्याच गाडी कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, काही टायर कंपन्या ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि काही झालं तरी १० वर्षांच्या पुढे वापरू नका असं सांगतात. उष्ण भागात मी स्वतः ६ चाच आकडा धरतो. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे २००२ ते २००६ चे आकडे तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याने दिले होते, त्यात कंपनीचे फक्त २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या गरम राज्यांतले होते पण टायरचे ७७ टक्के क्लेम तिथूनच आले होते, आणि त्यातले ८४ टक्के ६ वर्षांपेक्षा जुन्या टायरचे. विदर्भाचा मे महिना बघितला की हे आपल्याला किती लागू आहे ते सांगायला नको.

२. ऊन : नुसत्या प्रकाशापेक्षा तापणं जास्त वाईट

टायर काळा असतो तो त्यात घातलेल्या कार्बन ब्लॅकमुळे. तो मजबुतीसाठी असतोच, पण उन्हातले अतिनील किरणही तोच शोषून घेतो, त्यामुळे किरणांचा मार टायरच्या अगदी वरच्या पातळ थरापुरता राहतो. तो थर फिका, राखाडी, कोरडा दिसायला लागतो आणि त्यावर नकाशासारख्या बारीक, कुठल्याही दिशेने जाणाऱ्या रेषा येतात. नख फिरवलं तर अडकत नाही. एवढ्यावर घाबरायचं कारण नाही.

खरं नुकसान उष्णतेने होतं. हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतो आणि हळूहळू त्याला कडक करतो, आणि टायरमध्ये तर दाबून भरलेली हवा असते म्हणजे ऑक्सिजन आतूनही शिरतोच. असल्या रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी, त्याहून कितीतरी तापलेल्या डांबरावर उभा टायर आणि फरशीवर सावलीत उभा टायर यांचं वय एकाच गतीने वाढत नाही, बाहेरून दोघे सारखेच काळे दिसले तरी.

आता पार्किंगची दिशा. यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये दुपारी १२ च्या आसपास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, नागपुरात तर मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोब्बर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या वेळी टायरवर गाडीच्याच बॉडीची सावली असते. टायरला ऊन लागतं ते सकाळी पूर्वेकडून आणि दुपारी ३ नंतर पश्चिमेकडून, तिरपं. त्यातही पश्चिमेचं जास्त त्रासदायक कारण तोपर्यंत जमीन, हवा, सगळंच तापलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात गाडीचं नाक पूर्वेला किंवा पश्चिमेला करून लावा, मग तिरपं ऊन बंपरवर येतं आणि साइडवॉल बऱ्यापैकी वाचतात.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबरमध्ये सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, भर दुपारीही जेमतेम ४५ अंश वर येतो, आणि पूर्व-पश्चिम लावलेल्या गाडीची दक्षिणेकडची बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेकत बसते. तेव्हा उत्तर-दक्षिण लावलेली बरी. पण सोसायटीतली जागा ठरलेली असते, दिशा आपल्या हातात नसते, मग निदान एवढं करा की एकदा नाक आत आणि एकदा नाक बाहेर असं आलटून पालटून लावा म्हणजे मार दोन्ही बाजूंत वाटला जातो. आणि पश्चिमेकडच्या दोन चाकांना प्लायवूडचे तुकडे टेकवून ठेवले तरी पुरतं, अख्खं कव्हर लागतंच असं नाही. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळणारं घ्या आणि पावसात भिजलेलं तसंच गाडीवर राहू देऊ नका.

३. ओझोन : सावलीतल्या गाडीचे टायर का तडकतात

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. लोक म्हणतात, "अहो, आमची गाडी तर स्टिल्टमध्ये असते, ऊन लागतच नाही, मग टायरला भेगा कशा?" तर त्याचं उत्तर ओझोन.

वरच्या वातावरणातला ओझोन आपल्याला वाचवतो तो वेगळा, इथे जमिनीलगतचा म्हणतोय. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल-रंगांच्या वाफा आणि कडक ऊन एकत्र आलं की तो हवेत तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो, रात्री उतरतो, उन्हाळ्यात जास्त असतो आणि पावसाळ्यात ढग आले की कमी होतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर आपल्या शहराचं स्टेशन असेल तर ओझोनचा आकडा दिसतो. माणसासाठी आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठेवलीय, पण संरक्षण नसलेल्या रबराला तडकायला त्याहून कमीही पुरतो.

टायरच्या साइडवॉलमधल्या रबराच्या साखळ्यांमध्ये जे दुहेरी बंध असतात ते ओझोन सरळ तोडतो. पण रबर सैल असेल तर वरचा पातळ थर खराब होऊन काम तिथेच थांबतं, भेग पडत नाही. रबर ताणलेलं असेल तर मात्र तुटलेली जागा उघडते, आतलं ताजं रबर समोर येतं, ओझोन ते तोडतो, भेग अजून आत जाते. लॅबमध्ये ओझोनची टेस्ट करताना रबराची पट्टी साधारण २० टक्के ताणूनच ठेवतात ते याचसाठी. घरी बघायचं असेल तर मेथीच्या जुडीचे दोन रबर बँड घ्या, एक डब्यावर ताणून बसवा, एक तसाच सैल ठेवा, दोन्ही गॅलरीत सावलीत सोडून द्या, आणि काही आठवड्यांनी ताणलेल्याला आडव्या चिरा पडलेल्या दिसतील.

टायरला ताण कुठे येतो? जमिनीला टेकतो तिथे, जिथे साइडवॉल बाहेर फुगते. हवा कमी असेल तर ती फुगवट जास्त आणि ताणही जास्त. म्हणजे ओझोनविरुद्धचं सगळ्यात स्वस्त औषध हवेचं प्रेशर आहे, आणि हे बहुतेकांना पटत नाही कारण हवा आणि भेगा यांचा संबंध डोळ्याला दिसत नाही.

कंपनीने टायरमध्ये ओझोनविरोधी रसायन (बहुतेक सिक्स-पीपीडी नावाचं) आणि मेण घातलेलं असतं. दोन्ही हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात. टायर कधी कधी तपकिरी दिसतो तो याच रसायनाचा ऑक्सिजनशी संबंध येऊन झालेला रंग, घाण नव्हे, तो घासून घासून काढू नका. गाडी चालते तेव्हा टायर वाकतो-उलगडतो आणि हे पदार्थ वर यायला मदत होते, उभ्या गाडीत ते संथ होतं. म्हणून महिनोन्‌महिने उभी गाडी रोजच्या गाडीपेक्षा लवकर तडकू शकते.

तर उभ्या गाडीसाठी या सवयी लावून घ्या:

पहिलं, दर १५ दिवसांनी सकाळी गार टायरवर प्रेशर मोजा. चांगला टायरही महिन्याला १-२ पीएसआय सोडतोच. पंपावर दुपारी तापलेल्या टायरचं मोजलं तर आकडा जास्त दिसतो, आणि तो बघून हवा कमी केली तर सकाळी टायर बसलेला मिळेल. महिनाभर किंवा जास्त गाडी उभी राहणार असेल तर स्टिकरवर पूर्ण लोडसाठी जो मोठा आकडा दिलाय तेवढी भरून ठेवा, त्याच्या वर नको.

दुसरं, दोन-तीन आठवड्यांनी गाडी थोडी पुढे-मागे घ्या म्हणजे टायरचा वेगळा भाग खाली येईल. खाली असलेल्या जागी खडूने खूण करा, पुढच्या वेळी ती खूण वर किंवा बाजूला गेली पाहिजे. जमलं तर नुसती हलवण्यापेक्षा अर्धा तास चालवूनच आणा, बॅटरीचंही भलं होतं.

तिसरं, चाकं सरळ करून बंद करा. अरुंद जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी घुसवतात आणि तशीच सोडतात, मग पुढच्या टायरची साइडवॉल पिळलेल्या अवस्थेत राहते. तसंच मागे जो सिमेंटचा स्टॉपर असतो त्याला टायर दाबून लावू नका, टेकला की दोन बोटं पुढे घ्या. फुटपाथच्या कडेवर एक चाक चढवून ठेवणं तर सगळ्यात वाईट, सगळा भार एका रेषेवर येतो.

चौथं, वेल्डिंग चालतं त्या दुकानाच्या भिंतीला लागून गाडी रोज लावू नका, ठिणगीजवळ ओझोन तयार होतो. आणि गाडीतला वास घालवायला जी ओझोन ट्रीटमेंट करून देतात ती थोड्या वेळापुरती ठीक आहे पण मशीन लावून रात्रभर गाडी बंद ठेवणाऱ्यांना नाही म्हणा, आतल्या रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंवर त्याचा परिणाम होतो.

चारी बाजूंनी बंद गॅरेज असेल तर तिथे ओझोन बाहेरपेक्षा बराच कमी असतो, तो भिंती आणि सामानावरच संपून जातो. स्टिल्ट पार्किंग मात्र उघडं असतं, तिथे सावली मिळते पण हवा बाहेरचीच.

ओझोनच्या भेगेची खूण : एकाच दिशेने, एकमेकींना समांतर, ताणाला आडव्या, आणि बहुतेक साइडवॉलच्या फुगणाऱ्या पट्ट्यात किंवा नक्षीच्या चरांच्या तळाशी. नख अडकतं.

४. ऑइल : भेगा नाही, मऊपणा बघा

इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस हे सगळे टायरच्या रबरात शिरतात. रबर ते पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. पेट्रोल लवकर उडून जातं पण जाताना मेण आणि संरक्षक रसायनंही बाहेर ओढून नेतं. डिझेल आणि इंजिन ऑइल उडत नाहीत, बसून राहतात, म्हणून थेंबभर पेट्रोल सांडण्यापेक्षा रोज ऑइलच्या डागावर उभं राहणं जास्त वाईट. नक्षीची गुट्टी एकाच जागी मऊ लागते, नख रुततं, कडा फुगलेल्या दिसतात, कधी चिकट लागते. फुगलेलं रबर परत पहिल्यासारखं होत नाही.

गाडी लावायच्या आधी खाली बघायची सवय लावा, एवढंच. डाग दिसला तर भुसा किंवा कोरडी माती जाड पसरा, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून घ्या, मग भांड्याचं लिक्विड टाकून ब्रशने घासा. डाग आपल्याच गाडीचा आहे का ते बघायला रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा ठेवा, सकाळी थेंब कुठे पडलेत ते कळतं आणि मेकॅनिकला दाखवताही येतं. टायरला ऑइल लागलंच तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावून ऑइल काढायला जाऊ नका, तेही रबरात शिरतात.

दोन ठिकाणी आपण पैसे देऊन हे नुकसान करून घेतो. एक, वॉशिंग सेंटरवर टायर काळा चमकावा म्हणून डिझेल किंवा तेलकट पॉलिश मारतात. दोन दिवस मस्त दिसतो. तिथे आधीच सांगा की टायरला काही लावू नका, आणि चमक हवीच असेल तर वॉटर-बेस्ड सिलिकॉनचं ड्रेसिंग स्वतः न्या. दुसरं, पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालून जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेलचा फवारा मारायची पद्धत अजून आहे. त्याने पत्रा वाचेल न वाचेल, पण सस्पेन्शनचे बुश आणि दाराची बीडिंग खराब होते. बीडिंगचं रबर बहुतेक ईपीडीएम असतं, ते ओझोनपुढे टिकतं पण ऑइलमध्ये फुगतं. गंजासाठी नीट अंडरकोटिंग करून घ्या.

५. साचलेलं पाणी : रबरापेक्षा आतल्या लोखंडाची काळजी

रबर स्वतः पाणी फार पीत नाही, पावसात टायर भिजला म्हणून काही होत नाही. अडचण साचलेल्या पाण्याची आहे, तीही तीन कारणांनी. पार्किंगमधल्या पाण्यावर ऑइलचा तवंग असतो, रंगीत दिसतो तो, आणि पाणी उतरत जातं तसा तो साइडवॉलला चिकटत जातो. दुसरं, दगडाने पडलेल्या चिरेतून पाणी आतल्या तारांच्या पट्ट्यापर्यंत गेलं तर तार गंजायला लागते आणि रबर तिला सोडायला लागतं, हे बाहेरून दिसत नाही, फार तर चिरेतून तांबूस ओघळ दिसतो. तिसरं, रिमची कड. स्टीलच्या रिमवर टायर बसतो तिथे गंज धरला की हवा हळूहळू निघत राहते, पंक्चर सापडत नाही, आणि कमी हवेत उभं राहिलं की वरचा ओझोनचा मुद्दा परत लागू. ट्यूबवाल्या स्कूटरमध्ये तर पाणी व्हॉल्व्हच्या भोकातून रिममध्ये शिरतं आणि गंजाचे पापुद्रे ट्यूबला घासतात.

मुंबई-कोकणाकडे हा मुद्दा उन्हापेक्षा मोठा आहे, खारी हवा असते म्हणून रिम अजून लवकर गंजते.

पावसाळा सुरू झाला की पहिल्या मोठ्या पावसात खाली उतरून बघा की आपल्या जागेत पाणी नेमकं कुठे थांबतं, त्या जागेभोवती खडूने गोल काढा. त्यात चाक येत असेल तर गाडी फूटभर पुढे-मागे लावा. पावसाळी पाइपचं तोंड आपल्या जागेत सुटत असेल तर ते वळवून घ्यायला सोसायटीला लेखी द्या. अगदीच पर्याय नसेल तर चाकाखाली जाड फळी ठेवा, पण फळी टायरच्या रुंदीपेक्षा मोठी हवी, दोन्ही बाजूंनी बाहेर दिसली पाहिजे. अरुंद फळीवर टायरच्या कडा लोंबतात आणि तिथे कायमचा दाब बसतो. फळीवर उतार तयार होत नाही ना तेही बघा आणि चाकाला दगड लावा.

व्हॉल्व्हच्या टोप्या चारही जागेवर असू द्या. आणि पाण्यात उभी होती अशी गाडी बाहेर काढली की टायर साध्या पाण्याने धुवा, चिखल वाळू देऊ नका, कारण वाळलेल्या चिखलाखाली चीर दिसत नाही.

६. एक गाडी, चार टायर, चौघांची वेगळी अवस्था

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची हॅचबॅक. काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले आणि गाडी मार्चपासून पाऊस सुरू होऊन बरेच दिवस होईपर्यंत एकाच जागी उभी राहिली. नाक उत्तरेला, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला आणि उघडी, उजवीकडे बिल्डिंगची भिंत. चारही टायर १५१९ चे, त्या वेळी सहा वर्षं पूर्ण झालेले. स्टिकरवर ३२ पीएसआय.

डावा पुढचा : प्रेशर २१. वरचा भाग राखाडी आणि बारीक जाळीदार रेषांचा, ते ऊन. पण जमिनीलगतच्या फुगवट्यात गोलाईच्या दिशेने जाणाऱ्या समांतर भेगा, नख अडकत होतं, आणि त्या फक्त जो भाग खाली होता तिथेच, चाक फिरवून बघितलं तर बाकीच्या गोलाईत जवळपास नव्हत्याच. शिवाय चाक उजवीकडे वळवून ठेवलेलं. हा ओझोन आणि कमी हवेचा टायर.

डावा मागचा : प्रेशर २४, भेगा कमी, पण खाली काळा डाग. शेजारच्या बाइकचं ऑइल गळत होतं आणि उतार काकांच्या जागेकडे. टेकलेल्या जागी गुट्ट्या मऊ, नखाने दाबलं तर खळी पडून राहत होती.

उजवा पुढचा : प्रेशर १८, सगळ्यात कमी, आणि तरी साइडवॉल छान. इथे पावसाळी पाइप सुटत होता. रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे आले, म्हणजे रिमचा गंज. टायर उतरवून आतून बघितला, चीर तारेपर्यंत कुठे नव्हती, रिमची कड घासून साफ करून परत बसवला, हवा टिकली. इतकी कमी हवा असून तो का तडकला नाही? कारण हवा पाऊस आल्यावर, रिम गंजल्यावर गेली, तोपर्यंत ओझोनचे कडक महिने संपले होते.

उजवा मागचा : प्रेशर २८, सावलीत, कोरडा. काही नाही.

डावे दोन्ही बाद केले. नवे दोन मागच्या ॲक्सलला लावले, कारण नवे टायर मागे असले की ओल्या रस्त्यावर गाडीचं मागचं टोक घसरायची भीती कमी, आणि उजवीकडचे जुने दोन पुढे घेतले. त्यांनाही वय झालंच आहे, वर्षभरात तेही बदलायचे असं काकांनी बिलावरच लिहून ठेवलं. तेव्हापासून किल्ली वॉचमनकडे न ठेवता शेजाऱ्यांकडे असते, ते दर दोन-तीन रविवारी गाडी फिरवून आणतात आणि उलट्या तोंडाने लावतात.

७. टायर बदलायला कधी थांबायचं नाही

साइडवॉलला फुगा आलाय, भेगेतून धागा किंवा तार दिसतेय, किंवा चिरेतून गंज ओघळतोय, तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका, जवळच्या दुकानापर्यंत हळू जा नाहीतर स्टेपनी लावून जा. भेगा भरायचं लिक्विड, काळा रंग, असलं काही दुकानात दाखवतील, त्याने भेग झाकते, रबर जोडलं जात नाही. नख न अडकणाऱ्या बारीक रेषा असतील तर फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच जागेचा परत काढा, वाढ दिसली तर कळेल.

नवे टायर घेताना चार आकडे दुकानातच वाचा, बिल करायच्या आधी. आणि स्टेपनी विसरू नका. डिकीत ऊन नाही, ऑइल नाही, ताणही फारसा नाही, म्हणून ती दिसायला नवी राहते, पण उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि रबर आतून कडक होतच असतं. तिचंही प्रेशर महिन्यातून एकदा मोजा, आणि सहा वर्षांच्या पुढची स्टेपनी फक्त हळू चालवत दुकान गाठण्यापुरतीच वापरा.